भाच्याचा जामीन आणि शेजारच्या मुलाची तारीख

२०२४ ची दिवाळी नुकतीच उरकली होती. पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत मध्यरात्रीनंतर गस्तीवरच्या पोलिसांनी एक मोटारसायकल अडवली. दोन मुलं ती ढकलत नेत होती. एक माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, सोळा वर्षं आठ महिन्यांचा. दुसरा त्याच गल्लीतला, अठरा पूर्ण करून काही महिने झालेला. गाडी चोरीची होती. तिथून पुढे कायद्यानं या दोघांना दोन वेगळ्या वाटांनी नेलं. बहिणीसोबत मी सगळीकडे होते, आणि त्या दुसऱ्या मुलाच्या आईला सोबत कुणी नव्हतं म्हणून तिच्या काही तारखांनाही गेले. त्यामुळे दोन्ही वाटा जवळून पाहायला मिळाल्या.

मुलांची, गल्लीची, शाळेची नावं मी लिहिणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, आणि हे कलम नातेवाइकांनीही पाळायला हवं असं मला वाटतं. घरचे काही तपशील म्हणूनच बदलले आहेत.

पहिली अडचण वयाची आली. ठाण्यातल्या हवालदारांनी आधार कार्ड पाहून वय लिहून घेतलं होतं. आमच्याकडे कित्येकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण कार्ड काढताना कागद जवळ नसला की अंदाजानं वर्ष सांगितलं जातं. भाच्याच्या कार्डावर १ जानेवारी २००६ होतं. म्हणजे कागदावर तो अठरा ओलांडलेला. "आधारवर अठरा दिसून राहिलं न मॅडम, आम्ही काय करणार?" हवालदार म्हणाले. बोलण्यात उद्धटपणा नव्हता, पण त्या एका ओळीवर पोराचं पुढचं सगळं ठरणार होतं.

वय कशावरून धरायचं याचा क्रम कलम ९४ मध्ये दिलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि ती तपासणीसुद्धा नेमकं वय सांगत नाही, अंदाजच देते. आधार या यादीत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात, हेच कलम समोर ठेवून, वयासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला होता. हे मला त्या रात्री माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी फोन लावला तो ओळखीच्या एका वकील बाईंना, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "टीसी शोधा."

शाळेला दिवाळीच्या सुट्या. मूळ टीसी अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी कॉलेजात जमा झालेली. बहिणीच्या पेटीत तिची झेरॉक्स निघाली. जन्मतारीख मार्च २००८. ती झेरॉक्स घेऊन आम्ही पहाटे ठाण्यात परतलो, आणि तिथल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना बोलावलं गेलं. असा एक अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असावा लागतो. त्यांनी कागद पाहिला आणि पोराला दुसऱ्या खोलीत बसवलं. त्यानंतर तो लॉकअपच्या बाजूला गेला नाही. मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचंच नाही, असं कलम १० सांगतं. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. त्या वेळी मंडळाची बैठक नसेल तर एखाद्या सदस्यापुढेही नेता येतं.

वय चुकीचं लिहिलं जाऊन मूल मोठ्यांच्या न्यायालयात पोचलं, तर तिथेही आणि नंतर कधीही आपण ते उपस्थित करू शकतो. पण तोवर ते कुठे राहिलं असेल, याचा विचार करा. म्हणून दाखल्याची प्रत घरात हाताशी असावी.

एकट्या मुलावर किरकोळ गुन्ह्याचा आरोप असेल तर सहसा एफआयआर होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि पोलीस त्याच्या घरच्या परिस्थितीची माहिती मंडळाला पाठवतात. आमच्याकडे एफआयआर झाला, कारण सोबत सज्ञान आरोपी होता. पण चौकशी मात्र एकत्र होत नाही, ती कायद्यानं वेगळीच चालवावी लागते. दुसऱ्या दिवशी थोरल्याला पोलीस गाडीतून न्यायालयात नेलं. भाच्याला साध्या कपड्यातल्या एका पोलिसानं मंडळापुढे आणलं. हातात बेडी नाही, दोरी नाही.

मंडळ म्हणजे एक खोली. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य, त्यातली एक स्त्री असावीच लागते. टेबलाच्या अलीकडे आम्ही. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा नव्हता. "जेवलास का?" नंतर, "रात्री कुणी मारलं का?" आणि मग, "कुठल्या कागदावर सही केलीस का?" भाच्यानं मान हलवली. केली होती, काय लिहिलंय ते न वाचता. मुलाकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नसते. दंडाधिकाऱ्यांनी ते टिपून घेतलं आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून आमच्यासाठी मोफत वकील दिला.

आता जामीन. मोठ्यांना आणि मुलांना कायदा वेगळं का वागवतो याचं उत्तर मला मिळालं ते या अर्ध्या तासात.

थोरल्याच्या जामिनाच्या वेळी न्यायालयात जे प्रश्न झाले ते असे: हा पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, माल अजून हस्तगत व्हायचा आहे का, आधीचे गुन्हे आहेत का. सगळे प्रश्न खटल्याच्या बाजूनं. आरोपी बाहेर गेला तर खटल्याला काय धोका, हे तपासलं जातं. पोलिसांना आणखी दोन गाड्यांचा संशय होता, म्हणून आधी पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि तो कारागृहात गेला.

मंडळापुढे प्रश्नाचं तोंड उलटं होतं. कलम १२ म्हणतं की मुलाला जामीन द्यायचाच, जामीनदार असो वा नसो. गुन्हा जामीनपात्र आहे की नाही यानं फरक पडत नाही. नाकारायचा तर तीनच कारणांनी: सोडल्यावर तो माहीत असलेल्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, किंवा त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होईल, किंवा सोडल्यानं न्यायाचा हेतूच फसेल. आणि नाकारला तर कारण लिहून ठेवावं लागतं. म्हणजे मूल बाहेर गेलं तर मुलाला काय धोका, हे बघायचं. गुन्हा किती मोठा, हे त्या तीन कारणांत नाही.

सरकारी बाजूनं विरोध झाला तो याच कलमाच्या आधारे. ज्या गल्लीत हे शिकला, त्याच गल्लीत परत पाठवायचं का? आई रात्रपाळीला असते, वडील नाहीत, घरी पाहणारं कोण? यात खोटं काहीच नव्हतं. माझी बहीण एका खासगी दवाखान्यात आया आहे, रात्री आठ ते सकाळी आठ. तिचा नवरा २०२१ च्या कोरोनात गेला. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता, कारण तिची मेहनतच तिच्या विरोधात वाचली जात होती.

मी उभी राहिले आणि सांगितलं की मी मानेवाड्याला राहते, माझे मिस्टर संध्याकाळी सहाला घरी येतात, मुलगा आमच्याकडे राहील. बाईंनी मला बरंच विचारलं. घरात किती माणसं, मुलगा झोपेल कुठे, त्याचं आणि माझ्या नवऱ्याचं जमतं का, मी त्याला मारते का. मग जामीन झाला: माझ्या देखरेखीखाली, परिविक्षा अधिकाऱ्याच्या म्हणजे प्रोबेशन ऑफिसरच्या नियंत्रणात, जुन्या गल्लीत एकट्यानं जायचं नाही या अटीवर. अटी झेपल्या नाहीत आणि मूल सात दिवस आतच राहिलं, तर मंडळाला त्या बदलण्यासाठी त्याला पुन्हा समोर आणावं लागतं. थोरल्याचं नेमकं तिथेच अडलं. त्यालाही काही आठवड्यांनी जामीन मंजूर झाला, पण लायक जामीनदाराची कागदपत्रं जमेनात. आदेश हातात असूनही तो आत राहिला.

मला या कलमाबद्दल एक गोष्ट खटकते आणि ती सांगायलाच हवी. भाच्याला मानेवाड्याचं घर होतं. ज्याला मावशी नाही, ज्याचं सगळं गणगोत त्याच एका वस्तीत आहे, त्याच्या बाबतीत "नैतिक धोका" हे शब्द गरिबीलाच लागू पडतात. मुलाच्या काळजीसाठी लिहिलेली ओळ त्याला निरीक्षणगृहात ठेवण्याचं कारण होऊ शकते. चांगलं मंडळ अशा वेळी विचारतं, धोका नेमका कुणापासून, आणि तो टाळायला आतमध्ये ठेवण्याखेरीज दुसरं काय करता येईल. नुसतं "वस्ती वाईट आहे" हे उत्तर पुरेसं मानायला नको.

त्यानंतर प्रोबेशन ऑफिसर घरी आले. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. मोठ्यांच्या खटल्यात एवढ्या लवकर असं काही मागवलंच जात नाही. हे गृहस्थ माझ्या घरी आले, बहिणीच्या घरी गेले, कॉलेजात गेले, गल्लीतल्या दुकानदाराशी बोलले. भाच्याशी ते आमच्याशिवाय, गच्चीवर बसून बराच वेळ बोलले.

त्यातून जे निघालं ते आम्हा दोघी बहिणींना ठाऊक नव्हतं. दहावी तो बऱ्या गुणांनी पास झाला, पण अकरावीचं कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळालं होतं आणि पावसाळ्यातच त्यानं जाणं सोडलं होतं. थोरला त्याला रात्री कळमन्याच्या बाजारात न्यायचा, मालाच्या गाड्या रिकाम्या करायला. तिथे खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची सवय लागली. दिवसाला चार-पाच पुड्या, सुरुवातीला पैसे थोरल्याचे. मग हप्त्यावर मोबाइल घेतला, तोही थोरल्याच्या नावावर. आई रात्री घरी नसते हे दोघांनाही माहीत. त्या रात्री गाडी उचलण्याचं थोरल्यानं सुचवलं आणि हा "नाही" म्हणू शकला नाही. ऑफिसरांनी त्याला विचारलं होतं, एकटा असतास तर केलं असतंस का? त्यानं पुष्कळ विचार करून सांगितलं, "एकटा असतो तर घरी झोपलो असतो."

हे उत्तर त्या वयाचं आहे, हे पुढे समुपदेशक ताईंनी आम्हाला समजावलं. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला, ज्यात सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की पुढे रेटायचं हे ठरवायचं होतं. खेळ कधी एकट्यानं, कधी सोबती बघत असताना. सोबती असले की तेरा ते सोळा वयाची मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत. चोविशीच्या पुढच्या माणसांत सोबतीनं असा फरक पडला नाही. चूक काय आणि बरोबर काय हे सोळा वर्षांच्या मुलाला कळतं. भाच्यालाही कळत होतं. पण मित्र शेजारी असताना, त्या क्षणी स्वतःला आवरणं त्याला जड जातं, आणि हे आवरणं विशीच्या आत-बाहेर हळूहळू येतं. म्हणून कायदा त्याला निर्दोष मानत नाही, फक्त दोषाचं वजन कमी धरतो. आणि अशा मुलाला मुरलेल्या गुन्हेगारांत ठेवलं, तर ज्या संगतीनं बिघडवलं तिचीच मात्रा वाढवल्यासारखं होतं.

गाडीच्या मालकाचं म्हणणंही इथे यायला हवं. तो त्याच गाडीवर घरोघरी पार्सल पोचवायचा. गाडी जप्तीत अडकली, लॉक तुटलेलं, वायरी ओढलेल्या. "पोट्टं लहान आहे हे मान्य, पण माह्या पोटावर पाय आला न, ताई," तो मला म्हणाला. त्याचा राग रास्त होता. दुरुस्तीचा खर्च बहिणीनं दिला. बुडालेल्या रोजंदारीचं कुणीच काही दिलं नाही. मुलांच्या न्यायाच्या या पद्धतीत ज्याचं नुकसान झालं त्याला बसायला जागा फार थोडी आहे, आणि लोकांची तिच्याबद्दलची अढी बरीचशी इथूनच येते असं मला वाटतं.

चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढवून मिळतात. अशा किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरणच बंद होतं. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे, म्हणून ती इथे किरकोळ गुन्ह्यात मोडते. आमची मुदतवाढीत पूर्ण झाली. त्याचा सहभाग मंडळानं मान्य केला आणि आदेश जवळजवळ अहवालाला धरूनच दिला: वर्षभर चांगल्या वागणुकीच्या हमीवर माझ्याकडे, महिन्यातून एकदा परिविक्षा अधिकाऱ्यापुढे हजेरी, खर्रा सोडण्यासाठी समुपदेशन आणि काही रविवार एका वृद्धाश्रमात काम. कॉलेज बदलून आयटीआयला घालावं ही सूचनाही अहवालातलीच. आदेशात "दोषी" किंवा "शिक्षा" हे शब्द नव्हते. मुलाच्या बाबतीत ते वापरायचेच नसतात.

हे सगळ्याच मुलांना असंच लागू होतं असं नाही. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर झालेल्या या २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलासाठी एक दार उघडलं गेलं. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे अशा अतिगंभीर गुन्ह्यात मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं: गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज, आणि तो कोणत्या परिस्थितीत घडला. त्यावरून त्याला बाल न्यायालयात मोठ्यांप्रमाणे चालवायचं का हे ठरतं. मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. तिथेही फाशी देता येत नाही, किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही.

थोरल्याच्या आईनं मला न्यायालयाच्या आवारात एक प्रश्न विचारला होता. "ताई, तुमच्या पोराहून माहा पोरगा दीड-दोन वर्षांनंच मोठा. तेवढ्यात काय अक्कल आली असन त्याले?" यावर मला काही बोलता आलं नाही, कारण मेंदूची वाढ अठराव्या वाढदिवसाला थांबत नाही हे मी नुकतंच ऐकलं होतं. रेघ कुठेतरी मारावी लागते आणि आपल्याकडे ती अठरावर आहे. जर्मनीत अठरा ते एकवीस वयाच्या आरोपीलाही, त्याची समज अजून किशोराचीच आहे असं दिसलं, तर मुलांचा कायदा लावता येतो. आपल्याकडे ती सोय नाही. थोरला कारागृहातून सुटून आला तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये तिथे ओळख झालेल्या माणसांचे नंबर होते, आणि ते फोन करतात, असं त्याची आई सांगते.

पण त्याच्यासाठीही एक जुना कायदा आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ चं कलम ६. जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस एकवीस वर्षांच्या आतला असेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि पाठवायचंच असेल तर कारण लिहावं लागतं. म्हणजे भाच्याला पहिल्या दोन आठवड्यांत मिळालेला तो अहवाल थोरल्यालाही मिळू शकतो, फक्त खटल्याच्या शेवटी.

यात एक अडचण आहे. भाच्याचं वय गुन्ह्याच्या दिवशी किती होतं ते बघितलं जातं; खटला कितीही लांबला तरी त्याचा हक्क जात नाही. कलम ६ साठी मात्र खालचं न्यायालय निकाल देतं त्या दिवशीचं वय धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं ते १९६० च्या दशकातच स्पष्ट केलेलं आहे. एकवीस उलटल्यावर उरतं ते कलम ४. ते सगळ्या वयांना खुलं आहे, पण पूर्णपणे न्यायालयाच्या इच्छेवर. थोरला पुढच्या वर्षी एकवीस पूर्ण करील आणि त्याच्या खटल्यात अजून पहिला साक्षीदारही झालेला नाही. मी त्याच्या आईला घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांकडे गेले होते. सुनावणी लवकर घ्यावी असा अर्ज त्यांनी दिला आहे, सोबत त्याच्या शाळेच्या दाखल्याची प्रत जोडून.